पहाटे जड होणारं दार: कोल्हापुरातल्या वीस मजली इमारतीच्या जिन्यातला दाब

तक्रार आली ती कुलपाची. जानेवारीतल्या एका पहाटे पावणेसहाला कोल्हापुरातल्या एका निवासी इमारतीत फायर अलार्म वाजला. आग नव्हती, एक धूर-डिटेक्टर उगाच चालू झाला होता. पण लोकांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. एकोणिसाव्या मजल्यावरच्या एक आजी नातवाला घेऊन लॉबीत आल्या, जिन्याचं दार ढकललं, ते हललं नाही. शेजारच्या घरातली दोन माणसं आल्यावर खांदा लावून दार उघडलं. सकाळी सोसायटीच्या वहीत नोंद झाली, "वरच्या मजल्यांवर जिन्याला बाहेरून कुलूप होतं." वॉचमननं वर जाऊन पाहिलं तेव्हा अलार्म बंद झाला होता, जिन्याचा पंखाही थांबला होता आणि दार एका हातानं उघडत होतं. "कुलूप कुठलं आजी, बोट लावलं की उघडतंय बघा," असं तो म्हणाला, आणि त्या क्षणी ते खरंच होतं.

दोघांचंही म्हणणं खरं होतं. पहाटे दाराला कुलूप नव्हतं, हवा होती. त्या दारावर तेव्हा किती जोर होता, तो कुठून आला आणि आदल्या एप्रिलमधल्या चाचणीत तो का दिसला नाही, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

इमारत आणि यंत्रणा

तळमजला आणि वर एकोणीस मजले, प्रत्येक मजल्याची उंची ३ मीटर. जिना इमारतीच्या मधोमध, चारही बाजूंनी आरसीसी भिंती, बाहेर उघडणारी एकही खिडकी नाही. उंची तळापासून गच्चीपर्यंत साधारण ६० मीटर. मजल्यांवरची २० अग्निरोधक दारं १ मीटर रुंद, २.१ मीटर उंच आहेत आणि जिन्याच्या आत उघडतात. गच्चीचं दार आणि तळाचं बाहेर पडायचं दार मात्र जिन्यातून बाहेरच्या बाजूला उघडतात. प्रत्येक मजल्याच्या लॉबीला बाहेरची मोठी खिडकी आहे आणि ती बहुतेक वेळ उघडीच असते. ही खिडकी पुढच्या हिशेबात फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे लॉबीतला दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच राहतो, आणि जिना व बाहेरची हवा यांच्यातला सगळा फरक जिन्याच्या दारावरच येऊन पडतो.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात अशा बंद जिन्यात आगीच्या वेळी ५० पास्कल जादा दाब ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे फटींतून हवा जिन्यातून बाहेर जाते आणि धूर आत शिरत नाही. इथे त्यासाठी गच्चीवर एकच पंखा बसवला होता. तो तासाला १५,००० घनमीटर, साइटच्या भाषेत ८,८०० सीएफएम हवा जिन्याच्या माथ्यावर एकाच तोंडातून सोडत होता. पंख्याचा वेग व्हीएफडी ठरवायचा आणि व्हीएफडीला आकडा द्यायचा एक दाब-सेन्सर. तो पहिल्या मजल्यावर होता, कारण फायर पॅनेल तळमजल्यावर आणि वायर तिथून जवळ. सेटपॉइंट ५० पास्कल.

एप्रिलच्या दुपारी तीन वाजता, सगळी दारं बंद ठेवून चाचणी झाली. पहिल्या मजल्यावर ५०, दहाव्यावर ४६, एकोणिसाव्यावर ४७ पास्कल. हे आकडे पाहून कोणीही खूश होईल. साठ मीटर उंचीत चार पास्कलचाच फरक! अहवालावर सही झाली.

धुराडं

ज्यानं गुऱ्हाळाचं चुलाण पेटताना पाहिलं आहे त्याला स्टॅक इफेक्ट वेगळा शिकवावा लागत नाही. धुराड्यातली हवा तापते, हलकी होते, वर चढते आणि खालून नवी हवा ओढते. बंद जिना हेच करतो, फक्त फार मंदपणे, कारण तिथे तापमानाचा फरक शेकड्यांत नसून आठ-दहा अंशांचा असतो. पण उंची साठ मीटर आहे, आणि दाब उंचीच्या पटीत साठत जातो.

हिशेबाचं सूत्र एका ओळीचं आहे. पुस्तकात समुद्रसपाटीच्या हवेसाठी गुणक ३४६० देतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे, हवा सुमारे साडेसहा टक्के विरळ आहे, म्हणून इथे ३२४० धरायचा:

```
dP = 3240 × (1/To − 1/Ti) × h

dP : पास्कल     h : मीटर
To : बाहेरचं तापमान, Ti : जिन्यातलं तापमान (केल्विन = °C + 273)
```

जानेवारीतल्या त्या आठवड्यात पहाटे बाहेर १३ अंश होतं. जिन्यातल्या हवेचं तापमान मोजलं तर २३ अंश. जाड आरसीसी भिंती दिवसभराची ऊब धरून ठेवतात, रात्रीत ती जात नाही. सूत्रात घातलं की मीटरला ०.३८ पास्कल येतात. पहिल्या ते एकोणिसाव्या मजल्यात ५४ मीटर उंची, म्हणजे साडेवीस पास्कलचा फरक. जिन्यातली हवा हलकी असल्यानं वरच्या मजल्यांवर जिन्याचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आणि खालच्यांवर कमी.

एप्रिलच्या दुपारी हेच उलटं होतं. बाहेर ३७, जिन्यात ३१. आता जिन्यातली हवा जड, ती खाली बसते आणि वरून बाहेरची हवा ओढली जाते. मीटरला ०.२ पास्कल, ५४ मीटरला ११ पास्कल, पण दिशा उलट: वर कमी, खाली जास्त.

थंड देशांतल्या इमारतींत हे आकडे कितीतरी मोठे असतात, त्यामुळे आपल्याकडचे डिझाइनर 'कोल्हापूरला कसला स्टॅक इफेक्ट' म्हणून तो सोडून देतात. एकट्या आकड्याकडे पाहिलं तर त्यांचं चुकत नाही. वीस पास्कलनं दार अडत नाही. दार अडतं ते हे वीस पास्कल आधीच ताणलेल्या व्यवस्थेवर चढले की.

पहाटेची मोजणी

शंका आल्यावर सूर्योदयाच्या आधी, वारा पडलेला असताना मोजणी केली. वाऱ्याची वेळ पाळणं गरजेचं आहे. लॉबीच्या खिडकीवर साधी झुळूक आली तरी आकडा चार-पाच पास्कलनं नाचतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी तीस सेकंदांची सरासरी घ्यावी. साधन म्हणजे डिजिटल मॅनोमीटर आणि बारीक सिलिकॉनची नळी. माणूस लॉबीत उभा, नळी दाराच्या खालच्या फटीतून जिन्यात, जिन्याकडची नळी यंत्राच्या अधिक तोंडाला. नळी दाराखाली चेपली गेली तर यंत्र शून्याजवळचा स्थिर आकडा दाखवतं आणि नवखा माणूस तो खरा धरतो. खात्री करायला नळीच्या जिन्यातल्या टोकाशी हलकी फुंकर मारायला सांगायची. आकडा उडाला नाही तर नळी बंद आहे. प्रत्येक मजल्यावर आधी झीरो करायचं.

पहिली फेरी पंखा बंद ठेवून झाली. पहिल्या मजल्यावर उणे १०, दहाव्यावर शून्याच्या आसपास, एकोणिसाव्यावर अधिक १०. म्हणजे पंखा नसताना खालच्या नऊ मजल्यांवर जिना लॉबीतली हवा आत ओढत होता. पंखा सुरू व्हायला उशीर झाला आणि आग तिसऱ्या मजल्यावर असली, तर धूर जिन्यातच जाणार. शून्याची ही पातळी कायम मधोमध नसते. जिकडे मोठं उघडं तोंड, तिकडे ती सरकते. तळाचं दार उघडं राहिलं तर ती खाली येते आणि वरच्या मजल्यांवर दाब वाढतो. गच्चीचं दार उघडं राहिलं तर ती माथ्यावर जाते, आणि मग जवळपास सगळेच मजले जिन्यात हवा ओढू लागतात. फेरीच्या वेळी गच्चीच्या दाराला लावलेली वीट सापडली. उन्हाळ्यात सांडगे-पापडाच्या वाळवणासाठी ती तिथे आली होती आणि जानेवारीपर्यंत तिथेच होती. त्या दिवशी ती बाजूला काढूनच मोजणी झाली. पण दार उघडं असताना पंखा लावूनही पाहिला: माथ्यावर सोडलेली हवा थेट त्या दारातून बाहेर, माथ्यावरचा दाब सहा पास्कलवर, आणि खाली सेन्सरला काहीच मिळत नसल्यानं व्हीएफडी पूर्ण ५० हर्ट्झवर धावत होता. पॅनेलवर फक्त 'पंखा चालू' दिसत होतं.

दुसरी फेरी पंखा लावून झाली. तीन माणसं तीन मजल्यांवर, फोनवर एकमेकांशी जोडलेली, म्हणजे आकडे एकाच क्षणाचे. पंखा वेगात आल्यावर पहिल्या मिनिटात पहिल्या मजल्यावर ५०, दहाव्यावर ६१, एकोणिसाव्यावर ७९.

पंधरा मिनिटांनी तीच मोजणी पुन्हा केली: ५०, ५७, ७१.

आकडे काय सांगतात

आधी ७९. तळाच्या ५० पेक्षा २९ जास्त. त्यातले वीस स्टॅक इफेक्टचे, ते पंखा बंद असताना मोजलेच होते. उरलेले आठ-नऊ घर्षणाचे. हवा माथ्यावरून एकाच तोंडातून येते, प्रत्येक जिन्याच्या वळणावर तिला थोडा दाब खर्च करावा लागतो, आणि बहुतेक खर्च वरच्या मजल्यांतच होतो कारण सगळी हवा तिथूनच जाते. खाली येईपर्यंत बरीच फटींतून निघून गेलेली असते. गळती पहिल्या आराखड्यापेक्षा जवळपास दुप्पट निघाली. आराखड्यात आत उघडणाऱ्या दाराला ०.०१ चौरस मीटर फट धरली होती, तो मापदंडातला नेहमीचा आकडा आहे. प्रत्यक्षात फरशी बसवल्यावर दारांखाली बारा-बारा मिलिमीटर फट राहिली होती.

हिवाळ्याच्या पहाटे स्टॅक इफेक्ट वरचा दाब वाढवतो आणि माथ्यावरून सोडलेली हवाही वरचाच दाब वाढवते. दोन्ही एकाच बाजूला. एप्रिलच्या दुपारी मात्र स्टॅक इफेक्ट वरचे ११ पास्कल काढून घेत होता आणि घर्षण ८ भरून देत होतं, त्यामुळे एकोणिसाव्या मजल्यावर ४७ दिसले. चाचणीतला तो सुंदर सपाट निकाल दोन दोषांनी एकमेकांना झाकल्याचा निकाल होता. आणि हे एप्रिलच्या कागदावरच वाचता आलं असतं. वर ४७, खाली ५०, पण मध्ये ४६. स्टॅक इफेक्टचा फरक उंचीबरोबर सरळ रेषेत बदलतो, घर्षणाचा मात्र जवळपास सगळा माथ्याजवळ गोळा होतो. म्हणून दोघं एकमेकांना टोकांवर झाकतात, मध्ये झाकू शकत नाहीत, आणि रेषेला पोटात बाक येतो. तो बाक दिसला की चाचणी दुसऱ्या ऋतूत पुन्हा घ्यायला हवी.

आता पंधरा मिनिटांतली घट. पंखा बाहेरची १३ अंशांची हवा आत टाकतो. जिन्यात साधारण ८०० घनमीटर हवा मावते, ती पाच-सहा मिनिटांत बदलते. पण भिंती गरम असल्यानं नवी हवाही ऊब घेते; पंधरा मिनिटांनी जिन्याचं सरासरी तापमान १९ अंशांवर आलं होतं. १९ आणि १३ अंशांसाठी सूत्र साडेबारा पास्कल देतं, आधीच्या साडेवीसपेक्षा आठ कमी, आणि एकोणिसाव्या मजल्यावरचा आकडाही आठच उतरला. बाहेरची हवा तापवून किंवा थंड करून न देता तशीच आत सोडणं म्हणूनच बरं; ती हळूहळू स्टॅक इफेक्ट कमी करते. पण लोक पळतात ते पहिल्या पाच मिनिटांत. वीस मिनिटांनी तपासायला आलेल्या माणसाला सौम्य झालेलं दार मिळतं. या प्रकारच्या यंत्रणेची चाचणी थंड पडलेल्या पंख्यापासून, पहिल्या मिनिटाच्या आकड्यानिशी झाली नाही तर ती अपुरी आहे, असं ठामपणे म्हणायला हवं.

दारावरचा जोर

दाब कितीही असो, माणसाला तो कळतो दाराच्या मुठीवर.

```
F = Fc + (W × A × dP) / (2 × (W − d))

Fc : दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरचा जोर (न्यूटन)    W : दाराची रुंदी
A : दाराचं क्षेत्रफळ           d : मुठीपासून दाराच्या कडेपर्यंत अंतर
```

इथे W १ मीटर, A २.१ चौरस मीटर, d ०.०७५ मीटर. ७९ पास्कलला हवेचा वाटा ९० न्यूटन. क्लोजर मोजला तर ५० न्यूटन. एकूण १४०. अमेरिकी एनएफपीए १०१ संहितेत दार जागेवरून हलवायला १३३ न्यूटनची मर्यादा आहे, युरोपच्या ईएन १२१०१-६ च्या २००५ च्या आवृत्तीत मुठीवर १०० न्यूटनची होती. एप्रिलमध्ये ४७ पास्कलला हाच जोर १०३ न्यूटन होता, आणि जानेवारीतच पंधरा मिनिटांनी १३१. म्हणजे पहिल्या मिनिटात अमेरिकी मर्यादेबाहेर, पंधरा मिनिटांनी तिच्या आत. कुलपाच्या तक्रारीचं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

सूत्रावर विसंबून न राहता प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा वापरला. जिन्याच्या बाजूनं मुठीत हुक अडकवायचा, लॅच दाबून धरायचा, काटा दाराला काटकोनात ठेवून सावकाश ओढायचं आणि दार सुटतानाचा सर्वांत मोठा आकडा टिपायचा. १३३ न्यूटन म्हणजे साडेतेरा किलो. पहिल्या मिनिटात एकोणिसाव्या मजल्यावर काट्यानं सव्वाचौदा दाखवले. लॅच दाबून न धरता ओढलं तर तो आकडा निरर्थक, कारण त्यात लॅचचं घर्षण मिसळतं.

तळाच्या दाराची गोष्ट उलटी होती. ते बाहेर उघडतं, त्यामुळे दाब त्याला उघडायला ढकलतो. कोणी बाहेर पडलं की ते पुन्हा बंद होत नव्हतं, हातभर उघडं तरंगत राहायचं. क्लोजरला तिथे पन्नास-साठ न्यूटन हवेविरुद्ध दार ओढून लॅचमध्ये बसवायचं असतं; मजल्यांवरचाच लहान क्लोजर तिथे लावला होता.

काय बदललं

पहिली सूचना सेटपॉइंट ३५ वर आणायची आली. त्यानं वरची दारं हलकी झाली असती, पण संहितेतले ५० सुटले असते आणि फरक तसाच राहिला असता.

दुसरी सूचना हवा अनेक ठिकाणांहून सोडायची. ही केली. जिन्याला लागून ७५० बाय ९५० मिलिमीटरचा रिकामा शाफ्ट होता. त्यात ५५० बाय ७५० चा जीआय पत्र्याचा डक्ट उतरवला आणि दर तीन मजल्यांवर एक, अशी सहा ग्रिलं जिन्यात उघडली. प्रत्येकातून सेकंदाला साधारण ०.७ घनमीटर. ग्रिलांमागे हातानं फिरवायचे डॅम्पर, पंख्याजवळचे जास्त आवळलेले, दूरचे मोकळे, नाहीतर पहिलं ग्रिलच सगळी हवा खातं. २००५ च्या ईएन १२१०१-६ मध्येही उंच जिन्यात हवेची तोंडं तीन मजल्यांपेक्षा लांब नकोत असंच होतं. बांधलेला शाफ्टच डक्ट म्हणून वापरायचा मोह होतो, पण विटांच्या सांध्यांतून बरीच हवा गळते आणि खालच्या ग्रिलांना उपास घडतो.

या कामानं घर्षणाचे आठ-नऊ पास्कल एकाच्या आत आले. स्टॅक इफेक्टचे वीस मात्र तसेच राहिले. ते पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण 'अनेक ठिकाणांहून हवा दिली की स्टॅक इफेक्ट जातो' हा समज पक्का बसला आहे. तो हवेच्या वजनाचा फरक आहे. हवा कुठून सोडली याचं त्याला काही नाही.

त्या वीसवर उपाय म्हणजे ते दोन्हीकडे वाटून घेणं. सेन्सर पहिल्या मजल्यावरून दहाव्यावर नेला. तळाला ५० धरलं की सगळा फरक वर चढतो. मध्याला धरलं की दहा वर आणि दहा खाली. खाली ४० होऊ नयेत म्हणून सेटपॉइंट ५५ केला. मजल्यांवरचे क्लोजर ५० वरून ३५ न्यूटनवर आणले. आत उघडणाऱ्या दाराला दाबच बंद करायला मदत करतो, क्लोजरला फक्त लॅच बसवायचा असतो. तळाच्या दाराला उलट मोठ्या मापाचा क्लोजर दिला.

यानंतरच्या पहाटे, बाहेर १३ आणि जिन्यात २३ असताना, पहिल्या मिनिटाचे आकडे ४५, ५५, ६५ आले. एकोणिसाव्या मजल्यावर जोर १०९ न्यूटन, काट्यावर अकरा किलोच्या थोडं वर. एप्रिलच्या दुपारी ६०, ५५, ५० च्या आसपास येतील, तळाच्या मजल्यांवर जोर १०३. युरोपच्या १०० न्यूटनच्या मर्यादेत हे बसत नाही, आणि पहाटे तळाला संहितेचे ५० ही पुरे होत नाहीत, हे खरं आहे. सेटपॉइंट ५० ठेवला तर वरचा जोर १०३ वर येतो, पण मग पहाटे तळाला ४० च उरतात. इथे ५५ निवडले. कारण आगीचा स्वतःचाही दाब असतो. लॉबीत ६०० अंशांचा धूर साठला तर तेच सूत्र मीटरला सात पास्कल देतं, शून्याची पातळी दाराच्या मध्यावर धरली तर वरच्या कडेला सात-आठ. ४५ मधून ते वजा करूनही पुरेसं उरतं.

व्हीएफडीत आणखी एक गोष्ट सापडली. वेग कमी करायची वेळ तीस सेकंदांवर ठेवलेली होती. दार उघडलं की पंखा जोरात, दार मिटलं की पुढची तीस सेकंद तोच जोर बंद जिन्यावर. मागून येणाऱ्याला दार नेमकं तेव्हाच जड लागतं. २००५ ची ईएन १२१०१-६ अशा बदलाला तीन सेकंद द्यायची, आणि इतक्या वेगानं मोठा पंखा उतरवणं मोटरला झेपत नाही. म्हणून जिन्याच्या माथ्याला वजनाच्या पात्यांचा सुटका-डॅम्पर बसवला, जो ७० पास्कलला आपोआप उघडतो. त्याला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. मात्र पावसाळ्याआधी तो आणि पंख्याचं हवा घेण्याचं तोंड उघडून पाहावं लागतं. पंख्याच्या तोंडावर पाऊस आत येऊ नये म्हणून जूनमध्ये बांधलेली ताडपत्री जानेवारीत तिथेच होती, अर्धं तोंड झाकून.

जे अजून पुरत नाही

बंद दारांची चाचणी आता पार पडते. चौथ्या मजल्याचं एकच दार उघडलं तरी दारातून लॉबीकडे सेकंदाला मीटरहून जास्त वेगानं हवा जाते. धूर मागे ढकलायला २००५ ची ईएन १२१०१-६ सुटकेच्या जिन्यासाठी ०.७५ मीटर मागायची. पण चौथ्या मजल्याचं दार आणि तळाचं दार एकदम उघडलं की वेग ०.४ च्या खाली येतो. सुटकेच्या वेळी तळाचं दार उघडंच असणार, लोक त्यातूनच बाहेर पडतात.

हिशेब असा आहे. चौथ्या मजल्याच्या दारातून १.६ घनमीटर हवा हवी. लॉबीच्या खिडकीसकट तेवढी ढकलायला जिन्यात तीन-साडेतीन पास्कल लागतात. तेवढ्या दाबावर तळाच्या उघड्या दारातून ३.२ घनमीटर निघून जातात, आणि वरच्या मजल्यांच्या फटींतून १.८. एकूण ६.६, पंखा देतो ४.२. हा पंखा कितीही नीट लावला तरी ही तूट भरत नाही.

सोसायटीनं दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. प्रत्येक दाराच्या बुडाला, दार मिटलं की खाली उतरणारी सीलपट्टी, म्हणजे फटींची गळती १.८ वरून १.२ च्या आसपास येईल. आणि तळमजल्यावर सेकंदाला २ घनमीटरचा दुसरा पंखा, पार्किंगच्या धुरापासून दूर भिंतीतून हवा घेणारा, तळाचं दार उघडलं की दारावरच्या स्विचनं सुरू होणारा आणि मिटलं की थांबणारा. गरज मग सुमारे ६, पुरवठा ६.२. फरक बारीक आहे. सीलपट्ट्या वीसही दारांना नीट बसल्या तरच तो टिकतो, म्हणून बसवताना प्रत्येक दाराखाली कागदाची पट्टी सरकवून पाहायची, सरकली तर पट्टी पुन्हा बसवायची. दोन्ही दारं उघडी ठेवून वेगाची मोजणी, दाराच्या चौकटीत बारा ठिकाणी ॲनिमोमीटर धरून, पुढच्या जानेवारीत पहाटे साडेपाचला ठरली आहे, पंखा थंड असताना.